हात कुठे होता?

अगं, ताईचं बीपी 156 आलं म्हणून तू रात्री घाबरून फोन केलास, तेव्हा मी आधी एकच विचारलं, हात कुठे होता? तू म्हणालीस, मांडीवर. तेव्हाच मी म्हटलं, आजच्या आकड्यावर गोळी वाढवू नका, उद्या मी येते. छातीत दुखत असतं, दम लागत असता किंवा बोलणं अडखळत असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा आकड्याची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा.

सकाळी काय केलं ते नीट लक्षात ठेव. ताईला पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवलं, पाय जमिनीवर, गप्पा बंद. तुझंच मनगटाचं यंत्र, हात मांडीवर: 154/97. मग टेबलावर उशा रचून मनगट छातीच्या मधल्या हाडाच्या उंचीला आणलं: 139/82. पुन्हा हात मांडीवर: 153/96. तिसऱ्यांदा मुद्दाम मोजलं. नाहीतर तू म्हणाली असतीस, आई शांत झाली म्हणून बीपी उतरलं. शांत झाल्यामुळे उतरलं असतं, तर हात खाली नेल्यावर परत चढलं नसतं.

आपल्या गच्चीवरच्या टाकीचं बघ. तळमजल्याच्या नळाला पाणी जोरात येतं, वरच्या मजल्यावर धार बारीक होते. रक्ताचंही तसंच. मनगट हृदयापेक्षा 10 सेंटीमीटर खाली गेलं की आकडा साधारण 8 ने वाढतो. मांडीवरचा हात 20 सेंटीमीटर तरी खाली असतो, म्हणजे झाले पंधरा-सोळा. आणि वरचा-खालचा दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच सरकतात. ताईचे दोन्ही पंधराने सरकले. असं दिसलं की हाताच्या उंचीचा संशय घ्यायचा.

उलटी फसगत मला जास्त भीतीची वाटते. कुशीवर झोपून वरच्या हाताचं बीपी घेतलं, किंवा हात सोफ्याच्या पाठीवर टाकलेला असला, तर मनगट हृदयाच्या वर जातं आणि आकडा कमी दिसतो. वाढलेलं बीपी तिथे झाकलं जातं, आणि माणूस 'आज बरं आहे' म्हणून गोळी चुकवतो.

दंडाचं यंत्र बरं ते याचसाठी. हात टेबलावर ठेवून बसलं की दंड आपोआप हृदयाच्या उंचीला येतो, आणि तिथे एकच मोठी रोहिणी आहे, एकाच हाडाला लागून. मनगटात दोन हाडं, दोन बारीक रोहिण्या आणि वर शिरांसारखे ताणलेले स्नायूंचे दोर. मनगट जरा वाकलं की पट्टा नीट दाबत नाही. म्हणून उंची बरोबर असूनही मनगटाचं यंत्र चुकू शकतं. थंडीत हात गारठलेले असले, हात थरथरत असला, नाडी अनियमित असली किंवा म्हातारपणी रोहिण्या कडक झाल्या असल्या, तर त्याच्यावर विसंबू नये. अनियमित नाडीत दंडाचं यंत्रही गोंधळतं. तिथे तीनदा मोजून डॉक्टरांना दाखवायचं.

दंडाच्या यंत्रालाही एक पथ्य आहे, पट्ट्याचं माप. पट्ट्यावर 22-32 असं छापलेलं असतं, तो दंडाचा घेर. 35 च्या दंडाला तो पट्टा ओढूनताणून बांधला तर बीपी जास्तच दाखवणार. मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो मागून घ्यायचा. पोलक्याची घट्ट बाही वर सरकवून तिचाच फास करायचा नाही, बाही काढायची.

मनगटाचं यंत्र टाकून दे असं मी म्हणत नाही. काहींचे दंड इतके जाड आणि खाली निमुळते असतात की मोठा पट्टाही बसत नाही, त्यांना तेच उपयोगी. मात्र मनगट सरळ, मूठ सैल, हाताला आधार, मनगट हृदयाशी. आणि एकदा ते यंत्र दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मोजणीशी ताडून बघायचं. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला मात्र दोन्हीपैकी कुठलंच यंत्र लावायचं नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हातही सोडायचा.

आता सात दिवस सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोज. चहानंतर अर्धा तास जाऊ दे, लघवीला जाऊन येऊ दे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढ. घरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दंडाचं यंत्र आजच मागव, पण आधी ताईच्या दंडाचा घेर घे, कोपर आणि खांदा यांच्या बरोबर मध्ये. टेप शिलाई मशीनच्या खणात आहे.