कासा गावातल्या मुलीला ‘हार मानू नकोस’ म्हणण्याआधी

एका क्लासवाल्यांनी माझ्या व्हिडिओच्या संहितेची वाट लावली, त्याचा राग अजून गेलेला नाही. विषय त्यांचाच होता: डहाणू तालुक्यातल्या कासा गावातली, तलाठी भरतीची तयारी करणारी आणि आता सोडून द्यावं का म्हणणारी मुलगी. मी तिच्या गुणांपासून सुरुवात केली होती. सर म्हणाले, “मॅडम, आकडे काढा हो. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.” व्हिडिओ आला तेव्हा पहिलंच वाक्य होतं, ‘तुझे प्रयत्न कमी पडले’. खाली लेखिका म्हणून माझं नाव! मी फोन केला, तर म्हणे, “एवढं काय मनावर घेता?”

मनावर घेणारच. डहाणू-तलासरीत हे वाक्य अनेकांच्या बाबतीत धडधडीत खोटं आहे. २०२३ ची तलाठी परीक्षा झाली, पण पेसा क्षेत्रातल्या अनुसूचित जमातीच्या जागा सर्वोच्च न्यायालयातल्या वादामुळे अडकल्या. पोरांना आंदोलनं करावी लागली. २०२४ मध्ये शासनाने मानधनावर नेमणुकांचा मार्ग काढला, तोही न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहून. निवड होऊनही घरी बसलेल्या मुलीला प्रयत्न कमी पडले म्हणायचं?

म्हणून असं काही लिहिणार असाल, तर आधी तिला विचारा: अडलंय कुठे, गुणांत की नेमणुकीत? नेमणुकीत अडलं असेल, तर तिने अभ्यास नव्हे, पाठपुरावा करायचा आहे. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे ना, तेही तेव्हाच बघावं.

गुणांत अडलं असेल, तर कागद घ्या. २०२३ चा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा होता; मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन-अंकगणित, प्रत्येकी २५ प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते. समजा तिची मराठीत १९, इंग्रजीत १८, सामान्य ज्ञानात १६ आणि गणितात ११ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ६४ प्रश्न, १२८ गुण. तिच्याच जिल्ह्यात, तिच्याच प्रवर्गात शेवटची निवड १४४ वर थांबली असेल, तर अंतर फक्त आठ प्रश्नांचं आहे, आणि ते गणितातच भरून निघण्यासारखं आहे. मात्र परीक्षा अनेक सत्रांत झाली असेल, तर तुलना सामान्यीकरणानंतरच्या गुणांशीच करायची. राज्यात पहिल्या आलेल्याचे गुण बघून खचू नये.

यानंतर वेळ लावून सोडवलेल्या सलग तीन सराव पेपरांत ते अंतर घटलं, तर पुढच्या जाहिरातीपर्यंत थांबावं. जागचं हललं नाही, तर हाताला मिळेल ती नोकरी धरावी आणि फॉर्म भरत राहावं. तब्येत सांभाळावी, घरच्यांशी बोलावं, हे आलंच.

आणि लिहिणाऱ्यांनो, ‘बदल केलात तर माझं नाव काढायचं’ हे आधी लेखी घ्या. माझं नाव त्या व्हिडिओखाली अजून तसंच आहे.