पैसे घ्यायला पिन कशाला?

प्रश्न : माझं भांड्यांचं दुकान आहे. फोनवर एकाने स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवत, घासाघीस न करता ८,००० रुपयांची ऑर्डर दिली. आता ॲडव्हान्ससाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतोय. करू का?

उत्तर : मुळीच करू नका. कोड पैसे घेणारा दाखवतो आणि देणारा स्कॅन करतो. तुम्ही स्कॅन केलात तर पडद्यावर ८,००० आकडा दिसेल, खाली ‘Pay’ असेल आणि मग यूपीआय पिन मागितला जाईल. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पैसे जमा व्हायला पिन कधीच लागत नाही.

काही भामटे आधी पाच रुपयांचा कोड पाठवून दहा रुपये परत करतात. हा फक्त विश्वास बसवण्याचा डाव असतो. ओळखपत्राच्या फोटोवरही जाऊ नका, तो चोरलेला असू शकतो. त्याला तुमच्याच दुकानाचा कोड पाठवा. खरं गिऱ्हाईक त्यावर पैसे भरेल. रक्कम जमा झाल्याचं बँकेच्या ॲपमध्ये पाहूनच माल बांधा, स्क्रीनशॉटवर नको.

पिन टाकून झाला असेल तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.