घटक ५ : कंपनीची द्विभाषिक परिभाषासूची

उद्दिष्ट : या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला अनेक अनुवादकांसाठी समान परिभाषासूचीतील नोंद तयार करता येईल.

५.१ विषय-विवेचन

नागपूरजवळील खापरखेडा औष्णिक विद्युत केंद्राची स्थापित क्षमता १३४० मेगावॅट आहे. येथे कोळसा जळतो आणि राख उरते. समजा, अशा केंद्रातील राख उचलण्याचा करार एका अनुवादकाकडे आणि राख हाताळणीची कार्यपुस्तिका दुसऱ्याकडे आहे. एकाने सर्वत्र 'राख' लिहिले, दुसऱ्याने 'उडती राख'. मग कंत्राटदाराने नेमके काय उचलायचे?

म्हणून सूचीचा आरंभ शब्दापासून न करता संकल्पनेपासून करावा. दोन्ही मूळ दस्तऐवजांतून संज्ञा त्यांच्या वाक्यांसह काढल्या, की तीन संकल्पना वेगळ्या दिसतात. धुरासोबत जाणारी बारीक राख संयंत्रात अडवून गोळा करतात. जाड राख बॉयलरच्या तळाशी पडते. पाण्यासोबत वाहून नेलेली राख तलावात साचते. शिवाय ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेत 'राख' या संज्ञेत पहिल्या दोन्ही प्रकारांचा समावेश आहे. त्यामुळे 'राख' ही संज्ञा व्यापक अर्थासाठीच राखून ठेवावी लागते.

आता पर्याय निवडू. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश प्रथम पाहावेत. मात्र तेथील पर्याय आपल्या संदर्भात तपासून घ्यावा. 'उडती राख' हा पर्याय सुबोध आहे, परंतु कोरड्या तलावावरून वाऱ्याने उडणारी राखही बोलण्यात 'उडती राख'च ठरते. 'तळाची राख' म्हटले तर बॉयलरचा तळ की तलावाचा, हा प्रश्न उरतो. कामगारांच्या तोंडी असलेले 'फ्लाय अ‍ॅश' आणि 'बॉटम अ‍ॅश' येथे अधिक निःसंदिग्ध आहेत.

नमुना नोंद

- संकल्पना : धुरातून वेगळी करून कोरडी गोळा केलेली बारीक राख
- स्वीकृत संज्ञा : फ्लाय अ‍ॅश (स्त्रीलिंगी)
- वर्ज्य : उडती राख, केवळ 'राख'
- मान्यता : अभियंता व विधी अधिकारी, दिनांक

लिंग नोंदवणे आवश्यक आहे. अन्यथा एक अनुवादक 'फ्लाय अ‍ॅशचा साठा केला जाईल' असे लिहून लिंगाचा प्रश्न टाळतो आणि इतर दोघे 'साठवला' व 'साठवली' असे वेगवेगळे लिहितात.

५.२ पडताळणी

अनुवाद पूर्ण झाल्यावर वर्ज्य शब्द संगणकावर शोधावेत. मराठीत विभक्तीपूर्वी सामान्यरूप होते. 'उडती राख' शोधल्यास 'उडत्या राखेचे' सापडत नाही. म्हणून दोन्ही रूपे शोधावीत. केवळ 'राख' शोधल्यास 'राखीव' व 'राखणे'ही येतात. तेव्हा प्रत्येक ठिकाण वाचूनच निर्णय घ्यावा. स्वाक्षरी झालेल्या करारातील संज्ञा मात्र नंतर सूची बदलली म्हणून बदलू नये. त्या करारास लागू असलेल्या आवृत्तीचा क्रमांक जपून ठेवावा.

स्वाध्याय : तलावात साचलेल्या राखेसाठी वरील नमुन्याप्रमाणे नोंद तयार करा आणि वर्ज्य पर्यायाचे कारण दोन वाक्यांत लिहा.