घंटा वाजली की मूल कुठे जाईल?

तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकाची आग शाकारलेल्या छपराला लागली. उतरायला जिना अरुंद होता. ९४ मुले दगावली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व शाळांना आग विझवण्याची साधने ठेवण्याचे आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे आदेश दिले. पण साधन भिंतीवर टांगले म्हणून मूल बाहेर येत नाही. त्यासाठी मुलाच्या पायांना वाट माहीत व्हावी लागते.

घाबरलेले लहान मूल पुष्कळदा पळत नाही, लपते. त्यातून भूकंपाच्या सरावात आपण त्याला शिकवतो, 'बाकाखाली जा, डोके झाक, हादरे थांबेपर्यंत हलू नको.' भूकंपात हे बरोबरच आहे. आगीत मात्र बाकाखाली बसलेले मूल धुरात सापडते. म्हणून दोन्ही सराव वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या इशाऱ्यांनी घ्यावेत. उदाहरणार्थ, आगीसाठी सलग घंटा आणि भूकंपासाठी शिट्टी.

आगीत भाजण्याआधी धूरच जीव घेतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाची शुद्ध हरपते. गरम धूर वर चढतो, जमिनीलगत हवा त्यामानाने बरी असते. म्हणून मुलांना वर्गात गुडघ्या-हातांवर रांगत दारापर्यंत जायला लावावे. 'वाका' एवढे नुसते तोंडी सांगून ते लक्षात राहत नाही.

साठ मुलांचा वरच्या मजल्यावरचा वर्ग धरा. घंटा झाली की दप्तर, चप्पल जागेवर सोडून मुले दोन-दोनच्या रांगेत निघतात. अपंग मुलासोबत कोण जाणार, हे आधीच ठरलेले असते. शिक्षिका हजेरीपट घेऊन सर्वांत शेवटी निघतात, निघताना स्वच्छतागृहात डोकावतात. मैदानात नावे वाचून मोजणी होते. एकोणसाठच भरली, तर कोण राहिले ते लगेच कळते. शोधायला मुलांना परत पाठवायचे नाही, ते अग्निशमन दलाला सांगायचे.

पहिला सराव आधी सांगून घ्यावा. दुसऱ्या वेळी एका जिन्यावर 'इथे आग' अशी पाटी लावून तो बंद करावा. मुले तिथेच थबकली, तर ती फक्त रांगेच्या मागे चालायला शिकली, वाट शोधायला नाही, हे ओळखावे. दुसरा जिनाच नसेल, तर हीच शाळेची खरी उणीव आहे. ती सरावाने भरून निघत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या निम्म्याहून जास्त असते. पुढच्या बैठकीत आपण विचारूया: दुसरी वाट कोणती? तिच्या दाराला कुलूप आहे का? किल्ली कोणाकडे असते? आणि आज रात्री घरी मुलाला विचारा, 'घंटा वाजली तर कुठे जाशील?' उत्तर 'बाकाखाली' आले, तर सराव पुन्हा घ्यायला सांगा.