कॅडसाठी कॉम्प्युटर घेताना : मॉडेलिंगचं मशीन वेगळं, रेंडरिंगचं वेगळं



डिप्लोमा, आर्किटेक्चर किंवा इंटिरियरला प्रवेश झाला की घरात पहिला मोठा खर्च येतो तो कॉम्प्युटरचा. दुकानात गेल्यावर बहुतेक पालक एकच प्रश्न विचारतात, "ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं घ्यायचं?" खरं तर त्याआधी मुलाला विचारायला हवं, "तू दिवसभर मॉडेल बनवत बसणार, की बनवलेल्या मॉडेलचे फोटोसारखे चित्र काढणार?" ही दोन कामं एकाच सॉफ्टवेअरच्या खिडकीत होत असली तरी ती कॉम्प्युटरच्या वेगवेगळ्या भागांवर ताण देतात. बजेट मोजकं असेल तर पैसा कुठे लावायचा हे यावरूनच ठरतं.

१. मॉडेलिंग : एकामागून एक होणारं काम

सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा ब्रॅकेट कसा तयार होतो ते पाहू. आधी स्केच, मग त्याला जाडी, मग त्यात भोकं, मग कडांना गोलाई. पहिल्या स्केचमधलं एक माप बदललं की सॉफ्टवेअर पुढच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा मोजतं. पण जाडी ठरल्याशिवाय भोक पाडता येत नाही आणि भोक पडल्याशिवाय त्याच्या कडेला गोलाई देता येत नाही. म्हणजे पोळीसारखंच. कणीक मळून झाल्याशिवाय लाटता येत नाही आणि लाटल्याशिवाय भाजता येत नाही. एका पोळीसाठी स्वयंपाकघरात बारा माणसं उभी केली तरी पोळी लवकर होत नाही. लवकर होते ती हात चलाख असेल तर.

प्रोसेसरमधला प्रत्येक कोअर म्हणजे असा एक माणूस. मॉडेलिंगमध्ये बहुतेक वेळ एकच कोअर राबत असतो. ऑटोकॅडमधली बरीचशी कामंही एकाच कोअरवर चालतात.

आकड्यांत पाहू. समजा एक पार्ट पुन्हा मोजायला एका कोअरवर २० सेकंद लागतात. त्यातली १६ सेकंदं एकामागून एक होणाऱ्या कामाची आहेत आणि ४ सेकंदांचं काम वाटून घेता येतं.

- ६ कोअर असतील तर १६ + (४ ÷ ६) = सुमारे १६.७ सेकंद
- १२ कोअर असतील तर १६ + (४ ÷ १२) = सुमारे १६.३ सेकंद
- कोअर ६च, पण प्रत्येक कोअर २० टक्के जलद असेल तर १६.७ ÷ १.२ = सुमारे १३.९ सेकंद

कोअर दुप्पट करून अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वाचलं. कोअर जलद घेतल्यावर जवळजवळ तीन सेकंदं वाचली. म्हणून मॉडेलिंगसाठी नव्या पिढीचा, एका कोअरचा वेग चांगला असलेला ६ किंवा ८ कोअरचा प्रोसेसर पुरतो. मात्र वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची तुलना फक्त गिगाहर्ट्झवरून करू नका. नवा प्रोसेसर तेवढ्याच गिगाहर्ट्झवर जुन्यापेक्षा जास्त काम उरकू शकतो.

२. रेंडरिंग : वाटून घेता येणारं काम

रेंडरिंग म्हणजे शेंगा सोलण्यासारखं काम. घरातली सगळी जण पाटी घेऊन बसली की ढीग भराभर कमी होतो, कारण एक शेंग सोलायला दुसरीची वाट पाहावी लागत नाही. चित्राचा प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा, तिथे उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे बाजूच्या ठिपक्यासाठी न थांबता मोजता येतं. ६ कोअरवर तासभर चालणारं रेंडर त्याच पिढीच्या १२ कोअरवर अर्ध्या तासाच्या आसपास येतं. अगदी बरोबर अर्ध्यावर येत नाही, कारण सगळे कोअर एकदम राबले की तापमान आणि वीज आवरण्यासाठी प्रोसेसर आपला वेग थोडा कमी करतो.

इथे एक फाटा फुटतो. काही रेंडरर फक्त प्रोसेसरवर चालतात, उदाहरणार्थ कोरोना. ब्लेंडरमधलं सायकल्स आणि व्ही-रे प्रोसेसरवरही चालतात आणि ग्राफिक्स कार्डवरही. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी "रेंडरिंग करणार" एवढं समजून भागत नाही, कोणत्या रेंडररमध्ये करणार तेही विचारायला हवं. कोरोना वापरणाऱ्यासाठी महागडं कार्ड घेतलं तर रेंडर चालू असताना ते जवळपास रिकामं बसून राहील.

३. ग्राफिक्स कार्डच्या मेमरीचा हिशोब

कार्डावर रेंडर करायचं तर जाळी, पोत, दिवे असा सगळा देखावा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावा लागतो. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. दोन साधी कार्डं लावली तरी एरवी दोघांची मेमरी मिळून एक होत नाही, देखाव्याची प्रत प्रत्येकात वेगळी ठेवावी लागते.

आठ जीबी किती लवकर भरतात ते पाहा. लाकडी टेबलाला लावलेलं पोताचं चित्र ४०९६ × ४०९६ ठिपक्यांचं आहे. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर ते चित्र मेमरीत ६४ एमबी जागा घेतं. डिस्कवर तीच फाइल चार-पाच एमबीची दिसू शकते, कारण तिथे ती दाबून ठेवलेली असते. एका मटेरियलला रंग, चकाकी, उठाव वगैरे मिळून अशी चार चित्रं लागतात, म्हणजे २५६ एमबी. खोलीत अशी २० मटेरियल्स असली की ५ जीबी झाले. त्यात फर्निचरची जाळी, रेंडररची स्वतःची जागा आणि विंडोजचा पडदा मिळवा. आठ जीबीचं कार्ड काठोकाठ भरतं.

म्हणूनच आरटीएक्स ४०६० आणि आरटीएक्स ३०६० यांतली निवड दिसते तेवढी सोपी नाही. ४०६० नव्या पिढीचं आणि जलद आहे, पण त्यात ८ जीबी आहेत. ३०६०च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी आहेत. देखावा ८ जीबीत मावत असेल तर ४०६० पुढे जाईल. मावला नाही तर रेंडर अडकेल किंवा फार मंदावेल, आणि मग ३०६० धिम्या गतीने का होईना, काम पुरं करेल. विकत घेताना बिलावर जीबी लिहून घ्या. ३०६० हे नाव ८ जीबीच्या आवृत्तीलाही आहे, आणि ४०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन्ही आकारांत येतं.

कार्ड आधीच घेतलं असेल तरी मार्ग बंद नाही. मागच्या भिंतीवरच्या, कॅमेऱ्यापासून दूर असलेल्या वस्तूंची चित्रं २०४८ × २०४८ केली की त्यांची जागा चौथाईवर येते. वरच्या उदाहरणातली सगळी चित्रं अशी केली तर ५ जीबीचे सव्वा जीबी होतात.

मॉडेलिंगला मात्र एवढं कार्ड लागत नाही. साधे पार्ट आणि छोट्या असेंब्ली लहान कार्डावर नीट फिरतात. एक मर्यादा लक्षात ठेवा. सॉलिडवर्क्समधला `RealView` हा देखणा पर्याय त्या कंपनीने प्रमाणित केलेल्या व्यावसायिक कार्डांवरच चालू होतो, गेमिंगच्या कार्डावर नाही. शिकण्यासाठी त्यावाचून अडत नाही.

४. रॅम

दोन्ही कामांसाठी सुरुवात ३२ जीबीपासून करावी असं माझं मत आहे. बजेट फारच ताणलं असेल तर मॉडेलिंगला १६ जीबीवर सुरू करता येईल. बोर्डावर चार खाचे असतील तर दोन मोकळे ठेवा, म्हणजे पुढे वाढवता येईल. पण सुरुवातीलाच एक पट्टी न घेता सारख्या दोन पट्ट्या घ्या, कारण दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसर दोन रस्त्यांनी मेमरीशी बोलतो. प्रोसेसरवर रेंडर करायचं असेल तर अख्खा देखावा रॅममध्येच बसतो, म्हणून तिथे ६४ जीबीपर्यंत जायची सोय हवी. रॅमची ही वाढ पुढे करता येते, कार्डाच्या मेमरीची करता येत नाही. म्हणून पैसे कमी पडले तर आधी रॅम कमी करा, कार्डाच्या जीबीत काटछाट नको.

५. एकाच बोर्डावर तीन मशीन

समजा कॅबिनेट, एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि एसएसडी सगळ्यांचं सारखंच आहे. भाव दर आठवड्याला बदलतात म्हणून इथे फक्त भागांची नावं देतो.

- यंत्र अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, फक्त मॉडेलिंग : रायझन ५ ७६०० (६ कोअर), रॅम १६ + १६. या प्रोसेसरमध्ये साधे ग्राफिक्स आत आहेत, म्हणून पहिल्या वर्षी वेगळं कार्ड नसलं तरी चालेल. असेंब्ली मोठ्या झाल्या की कार्ड घाला.
- ब्लेंडरमध्ये कार्डावर रेंडर करणारा विद्यार्थी : प्रोसेसर आणि रॅम वरचेच, उरलेला सगळा पैसा १२ किंवा १६ जीबीच्या कार्डात. त्याला पेलेल असा चांगल्या प्रतीचा पॉवर सप्लाय हवाच.
- कोरोना वापरणारी इंटिरियरची विद्यार्थिनी : रायझन ९ ७९०० (१२ कोअर), रॅम ३२ + ३२, कार्ड लहान. इथे प्रोसेसरचा कूलर चांगला घ्या, कारण तो तासन्‌तास पूर्ण ताणावर असणार.

पहिल्या दोन मशीनचा प्रोसेसर एकच आहे हे पाहा. दोन्हीही कामं थोडी थोडी करणाऱ्याने म्हणूनच पहिलं मशीन घ्यावं आणि रेंडरिंग वाढलं की मोठं कार्ड बसवावं. पॉवर सप्लाय मात्र पहिल्याच दिवशी पुढचा विचार करून घ्यावा.

६. स्वाध्याय : अडतंय कुठे ते शोधा

नवीन काही घेण्याआधी आहे त्या मशीनवर हे करून पाहा. प्रयोगशाळेत मुलांकडूनही करून घेता येईल.

१. `Task Manager` उघडून `Performance` मध्ये `CPU` निवडा. आलेखावर राइट क्लिक करून `Change graph to` मधून `Logical processors` घ्या. आता मॉडेलमधलं माप बदला. बारा चौकटींपैकी एखादीच वर गेली आणि एकूण वापर ८ टक्क्यांच्या आसपास दिसला, तर "प्रोसेसर मोकळाच आहे" असा निष्कर्ष काढू नका. १०० ÷ १२ म्हणजे साधारण ८, अर्थात एक कोअर पूर्ण राबतोय. (विंडोज ते काम एका चौकटीतून दुसरीत हलवत असेल तर शिखर फिरताना दिसेल.) इथे जास्त कोअरचा उपयोग नाही.

२. सर्वांत मोठी असेंब्ली उघडून `Memory` पाहा. वापर ९० टक्क्यांच्या वर आणि मॉडेल फिरवताना `Disk` धावतेय, तर रॅम कमी पडतेय. तिथेच `Slots used` वरून पट्टी एक आहे की दोन तेही कळतं.

३. कार्डावर रेंडर चालू करून `GPU` खाली `Dedicated GPU memory` पाहा. ती भरली आणि `Shared GPU memory` वाढू लागली, तर देखावा कार्डात मावत नाही.

४. कार्ड असूनही मॉडेल फिरवताना अडखळतं? मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, की बोर्डाला, ते आधी बघा. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही.

मुलांना चारही निरीक्षणं वहीत लिहायला सांगा आणि "यावरून कोणता भाग बदलाल, का?" हे दोन ओळींत मांडायला लावा. पालकांनी तीच वही दुकानात सोबत न्यावी.