गोळी घेतली, तरी अंगावरचे ठिपके पाहा

प्रश्न : मुलीच्या वसतिगृहातल्या खोलीतल्या मैत्रिणीला मेनिंगोकॉकल मेंदूज्वर झाला. मुलगी ठणठणीत आहे, तरी तिला गोळी का दिली?

उत्तर : एकाच खोलीत झोपणाऱ्यांच्या घशात हे जंतू गुपचूप राहू शकतात. म्हणून शक्यतो २४ तासांत सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. नुसत्या वर्गमैत्रिणींना ती सहसा लागत नाही. पण गोळीनंतरही दहा दिवस लक्ष ठेवा. ताप येऊन अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले, तर त्यांवर काचेचा पेला दाबा. दाबूनही ते फिके पडले नाहीत, तर तडक रुग्णालय गाठा. सावळ्या त्वचेवर ते पटकन दिसत नाहीत. तळवे आणि पापण्यांची आतली बाजू पाहा. आणि तापात हातपाय गार पडले, पायांत कळा आल्या, तर ठिपक्यांची वाट पाहत बसू नका.