‘मी टाक्यापाशी आहे’ : चुकलेला सोबती खुणांवरून कसा शोधाल?

मळवलीला उतरून भाजे गावातून वर चढलं की गायमुख खिंड लागते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. मागे रेंगाळलेला सोबती इथेच फसतो. थोड्या वेळाने त्याचा मेसेज येतो, ‘मी टाक्यापाशी आहे’. लोकेशन बंद. पाण्याची टाकी दोन्ही गडांवर आहेत, त्यामुळे या मेसेजवरून तो कुठल्या गडावर आहे हेसुद्धा कळत नाही.

पहिलं उत्तर एवढंच द्या: ‘तिथेच थांब, हलू नकोस.’ तो चालत राहिला तर त्याने सांगितलेली खूण तुम्ही पोचेपर्यंत मागे पडलेली असते.

मग जवळच्या नव्हे, लांबच्या आणि मोठ्या खुणा विचारा. टाकं, झाड, पडका चौथरा अशा गोष्टी गडावर जागोजागी असतात. पवनेचं धरण मात्र एकच, ते दोन्ही गडांच्या दक्षिणेला. द्रुतगती महामार्ग उत्तरेला. म्हणून त्याला सांगा, ‘शेजारच्या गडाकडे तोंड करून उभा राहा. डाव्या हाताला काय दिसतंय?’

‘धरणाचं पाणी’ असं उत्तर आलं, तर त्याचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे समोरचा गड लोहगड आणि तो स्वतः विसापूरवर. डावीकडे महामार्ग आणि उजवीकडे पाणी असेल, तर तो लोहगडावरून विसापूरकडे बघतोय. दोन्ही बाजूंना गड दिसत असतील, तर तो खिंडीतच आहे.

प्रश्न विचारताना उत्तर सुचवू नका. ‘धरण दिसतंय ना?’ म्हटलं की घाबरलेला माणूस कुठल्याही पाण्याकडे बघून ‘हो’ म्हणतो. एका मेसेजमध्ये एकच प्रश्न ठेवा. नेट नसेल तर साधा एसएमएस करा. रेंज कमी असली तरी तो जाण्याची शक्यता जास्त असते.

पावसाळ्यात धुक्यामुळे लांबचं काहीच दिसत नाही. तेव्हा तो ज्या वाटेने वर आला ती विचारा. बांधीव पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे लागले असतील तर लोहगड. दरवाजा न लागता, दगडधोंड्यांच्या घळीतून, वाहत्या पाण्यातून चढला असेल तर विसापूर.

त्याला फोनचं लोकेशन चालू करता आलं तर आणखी एक उपाय आहे. जीपीएसला नेट लागत नाही. फोनमधल्या होकायंत्राच्या किंवा नकाशाच्या अॅपमध्ये अक्षांश-रेखांश दिसत असतील, तर ते आकडे त्याला एसएमएसने पाठवायला सांगा. उघड्यावर उभा राहिला तर ते जास्त अचूक येतात.

जागा पक्की झाली की तुम्ही त्याच्याकडे जा, त्याला तुमच्याकडे बोलावू नका. उत्तरं थांबली किंवा अंधार जवळ आला, तर एकट्याने शोधत फिरू नका. लोहगडवाडीतली किंवा भाज्यातली माहीतगार माणसं सोबत घ्या आणि ११२ ला फोन करा.